मदत हवी आहे: हरिहरेश्वर ते हर्णै, ८ जण, ४ दिवस. माणशी किती शिधा घ्यावा?

रानवारा

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर आम्ही ८ जण हरिहरेश्वरहून किनाऱ्याकिनाऱ्याने हर्णैपर्यंत चालत जाणार आहोत. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, पहिला मुक्काम वेळास, दुसरा केळशी, तिसरा आंजर्ले. चौथ्या दिवशी हर्णै गाठून दापोलीची एसटी. रोजची चाल साधारण १६ किलोमीटर, पाठीवर प्रत्येकी ९ किलोच्या आसपास. गटात १७ वर्षांचा भाचा आहे, साठीचे काका आहेत, बाकी सगळे तिशी-चाळिशीतले. सरासरी वजन ६० किलो धरा.

जेवणाचं खातं माझ्याकडे आलंय. नेटवर बघून माणशी ३५०० कॅलरी आणि दिवसाला १ किलो खाणं असा हिशोब मांडला, तर ३२ किलो होतात! यादीत पाव, बटाटे, कांदे, टेट्रापॅकचं दूध, नूडल्स, तांदूळ, डाळ, बिस्किटं आहेत. एवढं ओझं वाळूतून कोण नेणार? कमी केलं तर लोक उपाशी राहतील का?

दंडबैठक

३५०० कमीच आहेत. पाठीवर वजन घेऊन चालताना ४००० धर. आणि प्रोटीन वाढव, शरीराच्या वजनाच्या दुप्पट ग्रॅम रोज, नाहीतर तिसऱ्या दिवशी पाय उचलणार नाहीत. सोया चंक्स आणि प्रोटीन पावडर घे, वजनालाही हलकी.

अर्धाकिलो

माझा प्रश्न वेगळा आहे पण इथेच विचारते. असा चार दिवसांचा ट्रेक केला तर किती किलो उतरेल? आणि नाश्ता टाळला तर जास्त उतरेल का?

चुलीपाशी

रानवारा, आधी ३५०० बाजूला ठेवा. तो आकडा बहुतेक थंडीतल्या, उंचावरच्या ट्रेकचा असावा. तुमचाच हिशोब मांडू.

६० किलोच्या माणसाला चालणं सोडून दिवसभरात १७००-१८०० कॅलरी लागतात. कडक जमिनीवर चालताना दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण १ कॅलरी जाते. माणूस आणि सॅक मिळून ७० किलो, १६ किलोमीटर, म्हणजे ११२०. त्यातले चालण्याच्या तासांचे २००-२५० आधीच्या आकड्यात आलेत, ते वजा करा. बेरीज २६५०च्या आसपास.

आता कोकणातली गंमत. भुसभुशीत कोरड्या वाळूत हीच चाल दुप्पट किंवा त्याहून महाग पडते. १६ पैकी ४ किलोमीटर तशी वाळू लागली तर आणखी ३००. म्हणजे २९००-२९५०. ओल्या, घट्ट वाळूवरून चाललात तर हे ३०० बऱ्यापैकी वाचतात. म्हणून शिध्याची यादी करण्याआधी ओहोटीच्या वेळा बघा. पहाटे ओहोटी असेल तर उजाडताच निघा. भरतीच्या वेळी वरच्या वाळूतून पाय ओढत गेलात तर तेवढ्याच अंतराला जास्त जेवण लागेल आणि घाम जाईल तो वेगळा.

दुसरं म्हणजे २९०० लागतात म्हणून २९०० वाहून न्यायलाच हवेत असं नाही. दमट हवेत चालताना दुपारी भूक मरते. दिलेलं खाणं तसंच परत येतं. रोज ५००-६०० कमी पडले तरी चार दिवसांत २२०० कॅलरी होतात, म्हणजे अंगावरची जेमतेम ३०० ग्रॅम चरबी. निरोगी माणसाला काही होत नाही. हेच दहा दिवस चाललं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

(अर्धाकिलो, तुमचं उत्तरही ह्यातच आलं. काटा जास्त खाली दिसला तर ते पाणी गेलेलं असतं, दोन दिवसांत परत येतं. आणि नाश्ता अजिबात टाळू नका.)

दंडबैठक

मग प्रोटीन?

चुलीपाशी

पाठीवरचं ओझं वाढलं की कॅलरी वाढतात हे तुमचं बरोबर आहे. प्रोटीनचं मात्र चार दिवसांत घोडं अडत नाही. खाली देतोय त्या जेवणात डाळ, शेंगदाणे, चणे, दूध पावडर धरून ६० ग्रॅमच्या आसपास होतं, पुरे आहे.

खरी मेख वजनात आहे. रानवारा, तुमच्या यादीत निम्मं पाणीच आहे. किलोभर बटाट्यात साधारण ८०० कॅलरी असतात, किलोभर शेंगदाण्यांत साडेपाच हजारांवर. लिटरभर दुधात ६००-६५०, तेवढ्याच दूध पावडरीत जवळपास ५०००. बटाटे, कांदे, पाव, दूध वाटेतल्या गावात घ्या, घरून वाहू नका. आपण नेतो ते १०० ग्रॅमला ४०० कॅलरीच्या वर असलं की वजन आपोआप आटोक्यात येतं. तांदूळ आणि डाळ एकट्या ३५०ला अडकतात, त्यांना वर ओढायला तूप आणि शेंगदाणे.

मी माणशी दिवसाचं असं धरतो. सकाळी पोहे ८० ग्रॅम, शेंगदाणे २०, तेल १०. चालताना खायला चिक्की, खजूर, भाजके चणे मिळून १००. दुपारी चूल पेटवायची नाही: खाकरा ६०, शेंगदाण्याची चटणी २५, गूळ २५. दोन वेळच्या चहाला साखर ३० आणि दूध पावडर २०. रात्री मुगाची खिचडी, तांदूळ १०० आणि डाळ ५०, वर तूप १५, सोबत एक पापड. एकूण ५४५ ग्रॅम, कॅलरी २३५०च्या आसपास.

आणि दिवस मोजू नका, जेवणं मोजा. पहिल्या दिवशीचं दुपारचं घरून दशम्या. शेवटच्या रात्रीचं जेवण एसटीतून उतरल्यावर. केळशीला एका रात्री खानावळीत जेवा. मग उरतात ३ नाश्ते, ३ दुपारची जेवणं, २ रात्रीची, ४ दिवसांचा चालतानाचा खाऊ आणि ३ दिवसांचा चहा. आठ जणांचं मिळून साडेबारा किलो. मीठ, मसाला, लोणचं धरून १३. माणशी १६००-१७०० ग्रॅम, आणि तेही रोज कमी होत जाणारं.

बर्फाळवाट

माझा अनुभव वेगळा आहे. हिमालयात आमच्या गटाला माणशी ९०० ग्रॅम कोरडा शिधा होता आणि तरी पोरं भुकेली. तिथे रात्री कुडकुडत असताना तुपाचा चमचा म्हणजे अंगातला हीटर. ५४५ वर मी तरी राहणार नाही.

चुलीपाशी

तिथे राहूच नका, तिथे ९०० बरोबर आहे. वेळासला डिसेंबरात रात्री एखादी चादर पुरते. आणि तिथे अडलं तर दुकान नाही, इथे दर दोन-तीन तासांनी एखादं गाव आहे.

आडेकर

मी त्या पट्ट्यातलाच. खानावळीचं खरं, पण आदल्या दिवशी फोन करून ८ पानं सांगा. आयत्या वेळी आठ माणसं उंबऱ्यावर उभी राहिली तर यजमानीण बाई कितीही चांगली असली तरी भात पुरत नाही. मासे खाणारे किती, न खाणारे किती, तेही आधीच सांगा.

ओहोटीचं बोललात ते एकदम पटलं. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवशीची वेळ चौथ्या दिवशी चालत नाही. केळशीची खाडी उतरायचीय, ती कधी आणि कशी ते गावातच विचारा.

पाणी मात्र विसरू नका. शिध्याची चिंता करताय, पण माणशी ४ लिटर पाणी म्हणजे ४ किलो, शिध्याच्या कितीतरी पट. एकदम चार लिटर वाहू नका, वाटेत भरून घ्या. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी मचूळ असतात, गावकऱ्यांना विचारून गोड्या पाण्याचीच बघा. खिचडीसाठीही लागेलच.

चुलीपाशी

बरोबर. आठ जणांच्या खिचडीला १२०० ग्रॅम तांदूळ-डाळ, त्याला पाचेक लिटर पाणी. म्हणून मुक्काम गोड्या विहिरीजवळ, नाहीतर त्या रात्री खानावळ.

आणखी एक. तिसऱ्या दिवशी दुपारी कोणी रेंगाळायला लागलं, चिडचिड करायला लागलं, तर लगेच 'खाणं कमी पडलं' म्हणू नका. लघवी गडद, तोंड कोरडं, पायात गोळे येत असतील तर पाणी आणि मीठ कमी पडलंय. कोकमाचं आगळ नेलंत तर बरं, त्यात मीठ असतंच. पाण्यात घालून साखर टाकली की आठ जणांचं सरबत. मात्र पाणी पिऊन, मीठ पोटात जाऊनही हातपाय गळल्यासारखे वाटत असतील आणि चिक्की-गूळ खाऊन पंधरा-वीस मिनिटांत माणूस सावरला, तर ती भूकच होती. त्याची चालतानाची पुडी तपासा, बहुधा तशीच बंद सापडेल.

रानवारा

मोठा आधार मिळाला. ३२ वरून १३ वर आलो! दोन शंका. खाकरा आणि पोहे दमट हवेत सादळणार नाहीत का? आणि भाच्याचं काय, तो घरी एकटाच चार पोळ्या हाणतो.

चुलीपाशी

सादळतातच. प्रत्येक जेवणाची पुडी वेगळी बांधा, दोन पिशव्यांत, हवा काढून. एकदा उघडलेलं पाकीट त्याच दिवशी संपवा. तूप दुपारी पातळ होतं, फिरवून घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या बाटलीतच न्या, नाहीतर सॅकभर वास. आणि 'एक वाटी तांदूळ' असं लिहू नका. घरच्या वाटीत किती ग्रॅम बसतात ते काट्यावर एकदा बघा, वाटीवाटीत खूप फरक असतो.

भाच्यासाठी वेगळं धरा: तांदूळ ५० ग्रॅम जास्त, चिक्की ५० जास्त. काकांचं तेवढंच कमी होईल, म्हणजे एकूण तेच. वाढताना मात्र समान वाढू नका.

आडेकर

भाच्याला आंजर्ल्याच्या मुक्कामी घावणे मिळाले तर त्याचं वेगळं पाकीट करायची गरज नाही.

रानवारा

😄 अजून एक. काकांना मधुमेह आहे, गोळ्या घेतात. गूळ, चिक्की, खजूर त्यांनी खायचे की नाहीत?

दंडबैठक

गूळ बंद. चणे-शेंगदाणे द्या.

चुलीपाशी

इतकं सरळ नाही. दिवसभर चालल्यावर साखर खूप खाली जाऊ शकते, काही गोळ्यांनी जास्तच. अशा वेळी गूळच खिशात हवा. कोणती गोळी, किती आणि कधी हे माहीत नसताना इथे कोणी सांगू नये. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना रोजची चाल आणि जेवणाच्या वेळा सांगून विचारा. मोजायचं यंत्र सोबत असू द्या.

बर्फाळवाट

मी तरीही माणशी १०० ग्रॅम जास्त नेईन. खिचडी उरली तर उरली.

चुलीपाशी

ती उरलेली खिचडी कोण वाहणार? चिक्कीचं एखादं पाकीट जास्त घ्या, शिजवलेलं नको.

रानवारा

ठीक. काकांचं डॉक्टरांना विचारते. स्टोव्ह न्यायचा की तीनही रात्री खानावळ धरायची ह्यावर मात्र आमच्या गटात अजून दोन तट आहेत. स्टोव्ह, गॅस आणि टोप मिळून अडीच किलो होतात, आणि दोनच रात्रींसाठी...

आडेकर

आंजर्ल्याला तिसऱ्या रात्री घरगुती जेवण मिळायला अडचण येऊ नये. वेळासची रात्र खिचडीची ठेवा की नको, ते तुमचं तुम्ही ठरवा.