आरी वर्कचं ब्लाउज फोटोसारखं झालं नाही म्हणून कस्टमर पूर्ण पैसे मागतेय, द्यावेत का?

सुईदोरा_सांगली: घरूनच आरी वर्क करते. एका ताईंनी पैठणीच्या ब्लाउजसाठी फोटो पाठवला, त्यात पूर्ण बाही भरगच्च भरलेली. त्यांचं बजेट २८०० शिलाईसकट, तेव्हा फोनवर सांगितलं की एवढ्यात काम विरळ येईल, त्या हो म्हणाल्या. आता ब्लाउज बघून म्हणतात हे फोटोतलं नाहीच, सगळे पैसे द्या वर ब्लाउजपीसचेही द्या. मापात एकदम बरोबर बसलंय. दहा दिवसांवर लग्न आहे त्यांच्या घरात. काय करू?

रोखठोक_७७: एक रुपया देऊ नका. फोटोतलं काम आठ-नऊ हजाराचं असतं हे सगळ्यांना कळतं, २८०० देऊन तसंच पाहिजे म्हणजे काय! आज हिला दिले की उद्या गल्लीतल्या चार जणी हेच करणार.

मीरा_नाशिककर: सगळ्यांना नाही हो कळत. मी कस्टमर म्हणून सांगते, विरळ म्हणजे नक्की किती विरळ हे मला फोनवर कसं कळणार? बाहीवर पाच बुट्ट्या की पंधरा? तुम्ही रोज करता म्हणून तुमच्या डोळ्यासमोर येतं, आमच्यासमोर फक्त तो फोटो असतो. पैसे परत द्यायला हवेत.

कारखानावाली_आत्या: मी बरीच वर्षं हेच काम करतेय, चार मुली आहेत हाताखाली. आधी भांडण नेमकं कशाचं ते बघा. माप चुकलं असतं किंवा तोत्याऐवजी मोर काढला असता तर तुम्ही फुकट नवीन करून द्यायचं, त्यात वादच नाही. इथे डिझाइन तेच आहे, फक्त भरणी कमी वाटतेय, आणि भरणी वाढवता येते. काढायच्या फंदात मात्र अजिबात पडू नका. सिल्कवरचं आरीचं काम उसवलं की सुईची भोकं राहतात, उजेडासमोर धरलं की लगेच दिसतात, मागून हलकी वाफ देऊन नखाने घासलं तर काही बुजतात पण काठाच्या जरीत तार तुटली की ती परत जुळत नाही. म्हणून बाहीच तेवढी उसवा, काखेची शिवण आणि खालची शिवण, सपाट झाली की फ्रेमवर ताणा. दोन बुट्ट्यांच्या मध्ये एकेक लहान बुट्टी आणि काठालगत मोत्यांची एक ओळ टाका, जरदोसी नको, वेळ खाते. एवढ्यानेच बाही भरलेली दिसते कारण लांबून डोळ्याला मोकळी जागाच खुपते. दोन दिवसांचं काम आहे. भरल्यावर कापड किंचित आवळतं, म्हणून परत शिवायच्या आधी दंडाचं माप घ्या आणि आतला मार्जिन किती उरलाय ते बघा. अर्धा इंचसुद्धा नसेल तर दाट भरू नका, दंडात घट्ट होईल.

रोखठोक_७७: आत्या म्हणजे दोन दिवस फुकट राबायचं?

कारखानावाली_आत्या: फुकट कोण म्हणालं? मटेरियलचे पैसे ताईंचे, मजुरी तुमची. बोलणं तोंडी झालं, त्याचा भार दोघींनी उचलायचा.

अनघा_पी: माझ्या टेलरने तर ब्लाउजपीस न भिजवता शिवला, पहिल्या धुण्यात आटला! त्याने सरळ हात वर केले. सगळे असेच असतात.

मीरा_नाशिककर: अनघा तुझी केस वेगळी आहे गं, ते काम चुकलेलंच होतं.

वकीलसाहेब_नाहीत: ताईंनी ग्राहक आयोगात तक्रार केली तर पूर्ण पैसे मिळतात, पाच लाखांपर्यंत तर फी पण नाही.

कोर्टकचेरी: फी नाही हे बरोबर, पण पैसे आपोआप मिळत नाहीत. शिलाई ही सेवा, तिच्यात काय कमी पडलं हे तक्रार करणाऱ्याला दाखवावं लागतं. ठरलं काय होतं याचा कागद इथे दोघींकडेही नाही. ताईंकडे फोटो आहे, तुमच्याकडे २८०० चा हिशोब. फोटो पाठवताना त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'असंच करा' लिहिलं असेल आणि तुम्ही त्यावर नुसता अंगठा दिला असेल तर मात्र तुमची बाजू पडेल, चॅट आधी वाचून घ्या.

सुईदोरा_सांगली: चॅट बघितली. त्यांनी 'असं' एवढंच लिहिलंय, मी 'ओके ताई' 😔 आत्या, आतला मार्जिन पाऊण इंच आहे. त्यांना उरलेल्या कापडावर दोन इंचाचा नमुना भरून फोटो पाठवला, जुनं आणि नवीन शेजारी ठेवून. भरणी आवडली म्हणतात. पण मटेरियलचे ६०० द्यायला तयार नाहीत.

कारखानावाली_आत्या: नमुना हातात द्या, फोटोत मोती जास्त चमकतात. आणि 'हे असं, बाहीवर एवढ्या बुट्ट्या, एवढे पैसे' असं लिहून त्यांचं हो आल्याशिवाय शिवण उसवू नका.

मीरा_नाशिककर: मी असते तर ६०० नसते दिले. 'ओके ताई' म्हटल्यावर कस्टमरने अजून काय विचारायचं?

रोखठोक_७७: मी असतो तर मजुरीही घेतली असती.