आयपीएफ, जुना टीबी आणि फुफ्फुस प्रत्यारोपण
"घरी ऑक्सिजन लागला की प्रत्यारोपणाचे बघू, तसाही टीबी होऊन गेलाय, म्हणजे मार्ग बंदच ना?"

दोन्ही मुद्द्यांशी मी असहमत आहे. आयपीएफ म्हणजे कारण न कळता फुफ्फुसांत व्रण वाढत जाणारा आजार; त्याचे निदान होताच रुग्णाला प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवावे, कारण पाठवणे म्हणजे यादीत नाव घालणे नव्हे, आणि आजार अचानक बळावला तर तपासण्यांपुरताही अवधी उरत नाही. एफव्हीसी, म्हणजे खोल श्वास घेऊन जोराने बाहेर सोडता येणारी एकूण हवा, अपेक्षेच्या ८० टक्क्यांखाली गेली असेल तर पाठवण्यात आणखी उशीर करू नये. सक्रिय क्षयरोग असताना प्रत्यारोपण होत नाही, हे खरे. परंतु पूर्ण उपचारांनी बरा झालेला क्षय रुग्णाला आपोआप बाद करत नाही. अडचण वेगळीच असते: जुन्या व्रणांमुळे फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असल्यास ते सोडवताना रक्तस्राव वाढतो. म्हणून जुने सीटी स्कॅन आणि औषधोपचारांच्या नोंदी पहिल्याच भेटीत सोबत द्याव्यात.