मदत हवी आहे: आलेखाच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये काय लिहू आणि कॅप्शनमध्ये काय?

रेघोटी
हवामानावरच्या माझ्या लेखात मौना लोआच्या कार्बन डायऑक्साइड मोजणीचा आलेख आहे. १९५८ पासूनचे मासिक आकडे, करवतीच्या पात्यासारखी दातेरी रेघ वर चढत गेलेली. ऑल्ट टेक्स्ट मी "कार्बन डायऑक्साइडचा आलेख" एवढंच लिहिलं होतं. काल एका वाचकाने कळवलं की स्क्रीन रीडरवर त्याला तेवढंच ऐकू आलं, आणि पुढचा परिच्छेद "आलेखात दिसतंच आहे की..." असा सुरू झाला. फार वाईट वाटलं. मग आडवा अक्ष, उभा अक्ष, रेघेचा रंग असं सगळं लिहीत गेले तर दीडशे शब्द झाले. आता काय ठेवू आणि काय काढू?

शब्दवेल
१२५ अक्षरांच्या आत बसवा. त्यापुढचं स्क्रीन रीडर तोडतो. उरलेलं कॅप्शनमध्ये टाका.

कानगोष्ट
शब्दवेल, मी रोज NVDA वापरतो. तो १२५ वर थांबत नाही, सगळं वाचतो. तरी आटोपशीर लिहा हे बरोबरच, फक्त कारण वेगळं आहे. ऑल्ट टेक्स्ट म्हणजे एक सलग गठ्ठा. त्यात मथळे नाहीत, तक्ता नाही. मधला एखादा आकडा निसटला तर शब्द-शब्द मागे जाऊन शोधावा लागतो.

रेघोटी, तुमच्या दीडशे शब्दांत रेघ वर गेली हे कितव्या वाक्यात येतं? माझ्या अनुभवात बहुतेक जण अक्षांपासून सुरुवात करतात आणि मुद्दा शेवटी येतो. डोळ्यांना चढ आधी दिसतो, अक्षावरचे आकडे नंतर. कानांनाही त्याच क्रमाने द्या. एकच रेघ असेल तर रंग सांगू नका. "चित्र" हा शब्दही नको, ती प्रतिमा आहे हे NVDA स्वतःच सांगतो. पण रेषालेख की स्तंभालेख ते जरूर सांगा.

किती लिहायचं ते तुमचा पुढचा परिच्छेद ठरवेल. त्यात ज्या ज्या गोष्टीकडे बोट दाखवलं आहे, ती ऑल्टमध्ये हवी.

रेघोटी
परिच्छेदात दोन गोष्टी आहेत. वाढीचा वेग वाढला, आणि दातांचं कारण: उत्तर गोलार्धातल्या वनस्पती उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइड शोषतात.

कानगोष्ट
मग असं करून बघा:

```html
<figure>
  <img src="co2.png" alt="रेषालेख: हवेतला कार्बन डायऑक्साइड
  १९५९ मध्ये सरासरी ३१६ पीपीएम होता, २०२३ मध्ये ४२१.
  सुरुवातीला वाढ वर्षाला १ पीपीएमहून कमी, आता २ हून अधिक.
  दर वर्षी मे महिन्यात शिखर, सप्टेंबरच्या सुमारास तळ.">
  <figcaption>मौना लोआ, हवाई. मासिक सरासरी.
  आकडे खालच्या तक्त्यात.</figcaption>
</figure>
```

दातांचं कारण यात घातलं नाही, ते परिच्छेदात सगळ्यांसाठी आहेच. कॅप्शनही सगळे वाचतात, म्हणून मोजणी कुठली आणि आकडे कुठे मिळतील ते तिथे. ऑल्टमधलं वाक्य कॅप्शनमध्ये चिकटवलं तर मला तेच दोनदा ऐकावं लागतं.

दवबिंदू
मी पण कॅप्शनमध्येच अडकलोय. व्हिडिओखाली मराठी ओळी दोन सेकंद उशिरा येतात. वेळ कशी जुळवायची?

शब्दवेल
दवबिंदू, इथे चित्राखालच्या ओळीबद्दल चाललंय. व्हिडिओसाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहितो. आणि १२५ चा आकडा मी कुठेतरी वाचून नियम धरून बसलो होतो, आता सोडला.

निळीशाई
माझे आलेख पानातच SVG म्हणून असतात. एकीने सांगितलं की तिला फक्त "१९६०, १९७०, १९८०..." असं ऐकू येतं.

कानगोष्ट
त्या अक्षांवरच्या खुणा आहेत. SVG मधला मजकूर सुटा-सुटा वाचला जातो. `<svg role="img" aria-label="...">` केलं की आलेख एकसंध होतो आणि तुमचं वाक्य ऐकू येतं. पण मग आतल्या एकेका बिंदूपर्यंत पोचता येत नाही, म्हणून शेजारी तक्ता लागतोच. तो तक्ता `aria-describedby` ने जोडू नका. रकाने मोडतात आणि सगळे आकडे एका दमात वाचले जातात.

रेघोटी
ऑल्ट बदललं. तक्ता दर दहा वर्षांचा ठेवू का? सात-आठ ओळींत आटपेल.

कानगोष्ट
मला दर वर्षाचा आवडेल. साठ-पासष्ट ओळी म्हणजे ओझं नाही. `<th scope="row">` मध्ये वर्ष असेल तर Ctrl+Alt+बाण दाबत मी हव्या त्या ओळीवर जातो आणि वर्ष सोबत ऐकू येतं.

निळीशाई
पण वार्षिक सरासरीत दात गायब होतात. आलेखात जे आहे तेच तक्त्यात नको का? मी तर महिन्यांसकट सगळं देईन.

कानगोष्ट
सातशेहून अधिक ओळी? त्या मी ऐकणार नाही, फाइल उतरवून घेईन.

रेघोटी
तूर्त वार्षिक तक्ता टाकते, आणि दातांसाठी एकाच वर्षाचे बारा महिने वेगळे देते. ज्या वाचकाने कळवलं होतं त्याला पान पाठवलंय. परिच्छेदातलं "दिसतंच आहे" काढून तिथे आकडे लिहिले.