डब्याच्या बदललेल्या अटी कशा कळवाव्यात?

"कॉलेज रोडला आमची डब्याची सर्व्हिस आहे. अटी नव्याने लिहिल्यात, तीन पानं झालीत. ग्राहकांना सगळी पाठवू का?"

ताई, तीन पानं कोणी वाचणार नाही. जुन्या-नव्या अटी शेजारी ठेवा आणि प्रत्येक फरकाला एकच प्रश्न विचारा: ग्राहकाचे पैसे, वेळ किंवा हक्क यातलं काही हलतंय का? नुसती भाषा सुधारली असेल तर तो फरक मेसेजमधून काढून टाका.

आमच्या सातपूरच्या मेसमध्ये अकरा फरक निघाले होते, ग्राहकाला भिडणारे दोनच. त्यातही अनामतीचा बदल फक्त नव्या ग्राहकांसाठी होता, म्हणून जुन्यांना मेसेज गेला तो एवढाच:

"आतापर्यंत दुसऱ्या दिवशीचा डबा रात्री ९ पर्यंत बंद कळवता यायचा. १ तारखेपासून संध्याकाळी ६ पर्यंत कळवावा लागेल, नाहीतर त्या दिवसाचे पैसे लागतील. बाकी तुमच्यासाठी काही बदललं नाही. हे नको असेल तर ३० तारखेपर्यंत सांगा, अनामत परत देऊ."

"अटींमध्ये सुधारणा केली आहे" अशी सुरुवात नको. ती वाचून माणूस पुढे सरकतो. आधी काय होतं ते लिहिलं नाही, तर बदल झालाय हेच कळत नाही.

ज्यांनी पुढच्या महिन्याचे पैसे आधीच भरलेत, त्यांना तो महिना जुनीच अट ठेवा. आम्ही ठेवली नव्हती, फार भांडणं झाली.

पाठवण्याआधी एका ग्राहकाला वाचायला द्या आणि "तुमचं काय बदललं?" विचारा. ते "सहाच्या आत कळवायचं" म्हणाले, तर मेसेज जमला. पूर्ण अटींची लिंक खाली असू द्या.