बंद पडत आलेली चॅट एका साध्या प्रश्नानं परत सुरू झाली का? अनुभव सांगा

शहापूरची_लेक
तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडं स्थळं बघणं सुरू होतं, बायोडाटा येतो, घरचे नंबर देतात आणि सुरुवातीला दोघं मस्त बोलतात. मग उत्तरं बारीक होत जातात, "हं", "ओके", एखादा अंगठा, आणि एक दिवस काहीच नाही. कुणी नकार दिलेला नसतो, भांडणही नसतं. अशा वेळी तुम्ही काय पाठवलं आणि पुढं काय झालं ते सांगा. फुलांचे गुड मॉर्निंग नकोत, ज्यात खरंच काहीतरी जाणून घ्यायचं होतं असा मेसेज सांगा.

माझंच आधी सांगते. मुलगा निपाणीचा. बोलता बोलता एकदा म्हणालेला की त्यांच्या आजी अजून घरी मांडे करतात. मग त्याचं कामाचं काहीतरी सुरू झालं आणि चॅट गप्प, आठवडा उलटून गेला. "कुठं गायब झालात" असं लिहायला हात शिवशिवत होता, खरं तसं लिहिलं की समोरच्याला आधी कारण द्यावं लागतं, आणि कारण द्यायचा कंटाळा आला की माणूस आणखी चार दिवस गप्प बसतो. म्हणून मी वर स्क्रोल करत त्याचा तो मांड्यांचा मेसेज शोधला, त्याच्यावरच रिप्लाय केला म्हणजे विषय त्याला लगेच दिसावा, आणि एवढंच लिहिलं: "एक विचारू? मांडा उलट्या कढईवरून काढला की गरम असतानाच घडी घालावी लागते ना, मग आजींचे हात भाजत नाहीत? आमच्याकडं घडी घालेपर्यंत कडक होऊन मोडतो."

त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थेट आजींचा व्हॉइस मेसेज, एवढा मोठा, त्यात माझ्या आईचं गावसुद्धा विचारून झालं! उत्तर त्याला स्वतःला माहीत नव्हतं, आजीला विचारायला जावं लागलं, आणि मला वाटतं त्यामुळंच जमलं. मी लगेच "मग भेटायचं कधी" काढलं नाही. आमच्या मोडलेल्या मांड्याचा फोटो टाकला, मग त्यानं विचारलं की पीठ कुठलं वापरता. तो उलटा प्रश्न आला तेव्हा मला कळलं की गाडी परत चालू झाली. फोनचं चार दिवसांनी त्यानंच काढलं.

अनगोळचा_पोरगा
माझा एक मेसेज हमखास चालतो, "तुला एक सांगायचं होतं, जाऊ दे नंतर सांगतो." दोन मिनिटांत रिप्लाय येतोच, कितीबी दिवस गप्प असूदे. माणसाला अर्धवट कळलं की राहवत नाही बघा, हेच तर सगळं गुपित आहे. आणि २०२२ चा एक अभ्यास पण वाचलाय, पेगी लिऊ म्हणून बाई आहेत आणि त्यांचे सहकारी, आपण अचानक आठवण काढली तर समोरच्याला आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त बरं वाटतं, आणि जितकं अनपेक्षित तितकं जास्त. मग बिनधास्त पाठवत राहायचं की!

खानापूर_रोड
मला असाच मेसेज आला होता म्हणून त्या बाजूनं सांगते. "काय??" असा रिप्लाय मी दिला, कारण पोटात गोळा आला, वाटलं घरचे नको म्हणाले असतील. मग तो म्हणाला "काही नाही, तू दिसलीस स्वप्नात." राग नाही आला, खरं पुढच्या वेळी त्याचं नाव दिसलं की उघडायचंच मन होईना. स्थळाच्या बोलण्यात आधीच नकाराची भीती असते रे दादा, त्यात "सांगायचं होतं" म्हणजे नुसती धडधड. रिप्लाय मिळाला तुला, बोलणं नाही मिळालं.

आणि तो अभ्यास मित्र आणि ओळखीच्या लोकांचा आहे, ज्यांच्याशी बरेच दिवस बोलणं नाही अशांचा. ज्याला नाही म्हणायचं कसं हा प्रश्न पडलाय त्याला रोज अचानक आठवण आली तर बरं वाटेल असं त्यात कुठं म्हटलंय?

वडगाव_साडी
माझं पण असंच झालेलं. कोल्हापूरचे एक व्यापारी दर महिन्याला माल नेत होते, मग फोन उचलायचे बंद. मी उधारीचा विषय काढलाच नाही, फक्त विचारलं, "मागच्या वेळचा तो हिरवा काठ तुमच्याकडं कोण जास्त घेतं, तरुण पोरी की वयस्कर बायका?" लगेच फोन आला, अर्धा तास बोलले. साडी विकायला पण हेच लागतं बघा. धागा लग्नाचा आहे हे मला नंतर दिसलं, राहू दे.

शहापूरची_लेक
काका राहू दे काय, बरोबरच आहे तुमचं. त्यांना जे माहीत आहे आणि तुम्हाला माहीत नाही तेच विचारलंत.

खडेबाजार_काकू
मी बरीच वर्षं आमच्या समाजाच्या वधूवर नोंदणीचं काम बघते, दोन्हीकडच्या तक्रारी माझ्याकडं येतात म्हणून थोडं लिहिते. पोरांनो, गप्प होण्याची कारणं निम्म्या वेळा तुमच्यात नसतातच. पत्रिका कुणाकडं तरी दिलेली असते, मामाचं मत यायचं असतं, नाहीतर दुसरं एक स्थळ बघून झालेलं असतं आणि पोराला स्वतःहून बोलायची मुभा नसते. अशा वेळी मुलीचा मेसेज कितीही छान असला तरी उत्तर येणार नाही, आणि आलं तर अवघडलेलं येईल. म्हणून मेसेज पाठवायच्या आधी मध्यस्थाला हळूच विचारून घ्यावं की तिकडं काही अडलंय का. शहापूरच्या लेकीचा मेसेज छान होता, खरं त्या घरी बोलणी सुरूच होती म्हणून तो पोचला.

दुसरं, उत्तर आल्यावर फसू नका. "हो, भाजतात" एवढंच आलं आणि उलटा प्रश्न नाही, मग तुम्ही आणखी एक साधी गोष्ट लिहिली आणि परत तेवढंच आलं, तर तो माणूस नम्रपणे वागतोय, बोलत नाहीये. तिथं थांबायचं. ब्लू टिकवरून काही ठरवू नका, कित्येकांनी ती बंद करून ठेवलेली असते.

चिकोडी_बस
काकू, एक शंका. मी मुलीला विचारलं, "तू म्हणालेलीस राजहंसगडावर शाळेची सहल गेली होती, वर त्या वेळी पाणी मिळत होतं का?" तिनं छान मोठं उत्तर दिलं, पण उलटं काहीच विचारलं नाही. मग मी पण गप्प. आता हे नम्रपणा धरायचा का?

खडेबाजार_काकू
मोठं उत्तर आहे ना? मग एकाच वरून ठरवू नकोस. काही मुलींना घरी शिकवलेलं असतं की मुलाला फार प्रश्न विचारू नयेत. तू तिच्या उत्तरातलीच एखादी गोष्ट धरून पुढं बोल, नवा विषय काढू नकोस. ती काय म्हणाली होती?

चिकोडी_बस
मास्तरांनी घागर वर नेलेली म्हणे, पोरं आळीपाळीनं धरत होती.

खानापूर_रोड
मग तिचा नंबर आला होता का धरायला, ते विचार की!

अनगोळचा_पोरगा
बरं सगळं पटलं, खरं किती दिवस थांबायचं ते कुणीच सांगेना. मी तीन-चार दिवस म्हणतो, त्याच्यावर गेलं की मुलगी समजते याला रस नाही.

शहापूरची_लेक
मला आठवडा बरा वाटतो. तीन दिवसात तर माणूस लग्नाला गावी गेलेला असतो, मे महिन्यात तर विचारूच नका.

खडेबाजार_काकू
दिवस मोजून काय होत नाही, शेवटचा मेसेज कुणाचा होता ते बघ. तुझाच असेल तर जास्त थांब. तिचा असेल आणि तूच उत्तर द्यायचं राहिलं असेल तर आज रात्रीच लिही.

अनगोळचा_पोरगा
शेवटचा तिचा आहे. काहीतरी कुंद्याचं म्हणालेली ती. बघून लिहितो.