मदत हवी आहे: बिलं पास होण्याच्या सुधारणेसाठी प्रोजेक्ट चार्टर कसा लिहू?

सांकवाळकरीण

नमस्कार. वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर्स आणि अकाउंट्स यांच्यामधलं काम बघते. दोनेकशे माणसांचा कारखाना, कुंडईला एक गोदाम, अकाउंट्स पणजीच्या ऑफिसात. पुरवठादारांची बिलं पास व्हायला फार वेळ लागतो, रोज फोन येतात. जीएम साहेबांनी मला सांगितलं, "एक पानाचा प्रोजेक्ट चार्टर लिहून आण, मग बघू." मी असा मसुदा केला आहे:

उद्देश: पुरवठादारांच्या पेमेंटची प्रक्रिया सुधारून नवीन सॉफ्टवेअर आणणे.
व्याप्ती: खरेदीपासून पेमेंटपर्यंत, वेर्णा व कुंडई.
प्रायोजक: आयटी मॅनेजर.
मुदत: ३ महिने.
यशाचे मोजमाप: पुरवठादार समाधानी होतील, सरासरी वेळ निम्मा होईल.

साहेबांना दाखवण्याआधी कोणी डोळ्याखालून घालेल का? नमुना फॉर्म नकोय, तो नेटवर ढिगाने मिळतो. मजकुरात काय चुकतंय ते हवंय.

तिसवाडीकर

प्रायोजक चुकलाय. प्रायोजक नेहमी एमडीच हवा, खालच्या माणसाचं नाव घातलंत तर कोणी ऐकत नाही. आणि कारण म्हणून आयकरातला लघुउद्योगांच्या बिलांचा नियम घाला. २०२३-२४ पासून लागू आहे. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत दिलं नाही तर तो खर्च बुडाला. एमडी एका मिनिटात सही करेल.

कळंगुट_लिनन

आमच्या हॉटेलात लॉन्ड्रीच्या हिशेबासाठी असाच चार्टर केला होता. रंगीत चार्ट, लोगो, सगळं. सीझन सुरू झाला आणि कागद फाईलमध्ये गेला. ताई, तुमच्याकडे चादरी मोजायची पद्धत काय आहे? आमच्या दर फेरीत कमी भरतात.

सांकवाळकरीण

भाऊ, आमच्याकडे चादरी नाहीत, खोके आणि नटबोल्ट आहेत :) पण फाईलमध्ये जाण्याची भीती खरी आहे.

फोंड्याचा_क्यूए

ताई, मी अशी बरीच पानं लिहिलीयत आणि त्याहून जास्त परत पाठवलीयत. तुमच्या पानात "सॉफ्टवेअर" हा शब्द पहिल्या ओळीत आहे, तो आधी काढा. दुखणं कुठे आहे ते कळायच्या आत औषध ठरलंय. एकदा ते छापलं गेलं की पुढचे तीन महिने विक्रेत्यांचे डेमो बघण्यात जातात.

दुसरं काही लिहिण्याआधी एक करा. एप्रिल ते जून या तिमाहीतली ४० बिलं काढा. सोयीची नकोत. इनवर्ड रजिस्टर उघडून दर अमुक ओळीनंतरचं एक, अशी घ्या. प्रत्येकाच्या चार तारखा लिहा: माल गेटवर आला, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद झाली, क्यूसीने तपासून सोडला, अकाउंट्सने बिल पास केलं. पेमेंटची तारीख सध्या नको. पैसे कधी सोडायचे हे बँकेतल्या शिल्लकीवर ठरतं, त्यावर तुमचा हात नाही. ज्यावर हात नाही ते यशाच्या मोजमापात घेतलं की वर्षअखेरीला तुमच्यावरच येतं.

तिसवाडीकर, कायद्याचा मुद्दा उपयोगाचा आहे, पण खर्च बुडत नाही. मुदत ओलांडली तर ज्या वर्षी पैसे देतो त्या वर्षी वजावट मिळते. शिवाय ४५ दिवस लेखी करार असेल तरच; करार नसेल तर १५. हे फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लागू आहे, मध्यम उद्योगांना नाही. उशिराचं व्याज वेगळं. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात ते रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आहे, तेही महिन्यागणिक चक्रवाढ.

तिसवाडीकर

बरं, व्याजाचं मान्य. पण ४५ दिवस बिलाच्या तारखेपासून ना? मग गेटची तारीख कशाला?

फोंड्याचा_क्यूए

बिलाच्या तारखेपासून नाही. माल स्वीकारल्याच्या दिवसापासून. आणि माल हातात पडल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरतात. म्हणजे खोके क्यूसीच्या कोपऱ्यात पडून असले तरी घड्याळ चालूच असतं. क्यूसीवाला तोंडी "बघतो" म्हणाला तर ती हरकत होत नाही. म्हणून गेटची तारीखच आरंभ धरायची. बरेच लोक जीआरएनपासून मोजतात, मग कागदावर सगळं छान दिसतं आणि पुरवठादार मात्र बोंब मारत असतो.

सांकवाळकरीण

४० बिलं काढली. क्यूसीच्या तारखा काही ठिकाणी वहीतच नव्हत्या, त्या बॅचच्या कागदावरून शोधल्या. निकाल असा:

२५ बिलं ६ ते १४ दिवसांत पास झालीत. उरलेल्या १५ ना २१ ते ४७ दिवस लागलेत. सगळ्यांची सरासरी १९ च्या आत-बाहेर येते. त्या १५ मधली बहुतेक बिलं क्यूसीतून सुटल्यावर अडकली आहेत. पीओतला म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमधला दर आणि बिलावरचा दर जुळत नाही, किंवा भाडं पीओत धरलेलंच नाही. अकाउंट्स बिल परचेसकडे परत पाठवतं, परचेस पीओ सुधारून देईपर्यंत ते तिथेच.

मला वाटत होतं स्टोअर्सच ढिलं आहे.

फोंड्याचा_क्यूए

आता सरासरीकडे बघा. १९ दिवस लागलेलं एकही बिल तुमच्याकडे नाही. एकतर दोन आठवड्यांच्या आत, नाहीतर तीन आठवड्यांच्या पुढे. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. "सरासरी निम्मी करू" म्हटलंत तर लोक सरळ बिलं आणखी दोन दिवस लवकर पास करतील, आकडा खाली येईल, आणि अडकलेली अडकलेलीच राहतील.

त्यापेक्षा मोजमाप असं लिहा: दर १० बिलांपैकी ९ बिलं गेटपासून २० दिवसांत पास व्हावीत. तुमच्या ४० मध्ये आज २५ होतात, ती ३६ व्हायला हवीत. २० च का? लेखी करार असलेल्यांसाठी ४५ मधले २५ दिवस फायनान्सला पैसे जुळवायला उरतात. करार नसलेले पुरवठादार वेगळे काढा, त्यांना हा आकडा पुरणार नाही.

सोबत एक राखणीचं मोजमाप हवं. दर न जुळणारं बिल डोळे मिटून पास केलं तर वेळ झटक्यात सुधारतो! म्हणून महिन्याला पास झालेल्या १० बिलांचे दर पीओशी पुन्हा ताडून बघायचे, एकही चुकीचा निघता कामा नये. हे काम अकाउंट्सबाहेरच्या माणसाने करायचं.

प्रायोजकाबद्दल. एमडी "नेहमीच" हे अर्धंच खरं. परचेस म्हणेल अकाउंट्सची चूक, अकाउंट्स म्हणेल परचेसची. त्या दिवशी कोणालाही न विचारता दोघांनाही "असं करा" म्हणू शकणारा सगळ्यात खालचा माणूस कोण? तो प्रायोजक. तुमच्याकडे कोण?

सांकवाळकरीण

स्टोअर्स, क्यूसी आणि परचेस फॅक्टरी हेडच्या हाताखाली. अकाउंट्स फायनान्स हेडकडे. दोघांच्या वर थेट एमडी, जे महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असतात. जीएम साहेब सेल्सचे आहेत, पुरवठादार त्यांना फोन करतात म्हणून त्यांनी हे काढलं.

तिसवाडीकर

मग झालं ना, एमडीच!

फोंड्याचा_क्यूए

तुमच्या हिशेबाने हो. पण अडचण परचेसमध्ये आहे आणि परचेस फॅक्टरी हेडकडे आहे. मी फॅक्टरी हेडचं नाव घातलं असतं, आणि फायनान्स हेडची सही "यातली नियमदुरुस्ती मला मान्य" म्हणून वेगळी घेतली असती. आयटी मॅनेजर मदतनीस. जीएमना नाव हवं असेल तर "मागणी करणारे" असं लिहा. यावर मतभेद होऊ शकतो. दोन सह्यांच्या पानावर कोणीच मालक होत नाही, असंही मी पाहिलंय.

व्याप्ती आखताना बाहेर काय ते आधी लिहा, वाद तिथेच होतात. बाहेर: पेमेंट सोडणं, पुरवठादार निवड, दर ठरवणं, सॉफ्टवेअर खरेदी, सेवांची बिलं, कुंडई. आत: वेर्ण्याला येणारा पॅकिंगचा माल आणि फास्टनर, गेट इनवर्डपासून बिल पास होईपर्यंत.

सांकवाळकरीण

कुंडई बाहेर काढलं तर तिथला सुपरवायझर नाराज होईल. तोच आमच्यात सगळ्यात उत्साही आहे.

डिचोलीचे_आजोबा

मी खाणीच्या ऑफिसात प्लॅनिंगला होतो. उत्साही माणसाला बाहेर ठेवू नये, त्याची जागा बाहेर ठेवावी. त्याला वेर्ण्याच्या चमूत घ्या. आणि मुदतीचं कोणी बोललंच नाही. चतुर्थीच्या आठवड्यात वेर्ण्याला कोण असतं? तुमचे ३ महिने जुलैपासून धरले तर नवीन पद्धत नेमकी तेव्हा सुरू होईल.

फोंड्याचा_क्यूए

आजोबा, बरोबर धरलंत. ताई, "३ महिने" खोडून तारखा लिहा. ३१ जुलैपर्यंत कारणं पक्की: त्या १५ बिलांत दराची किती, भाड्याची किती. ऑगस्टमध्ये परचेससोबत नियम ठरवायचा, उदाहरणार्थ भाडं पीओतच वेगळी ओळ म्हणून, आणि दर बदलला तर माल निघण्याआधी पीओ सुधारायचा. चतुर्थी आटोपून लोक परतले की चालू करायचं. ऑक्टोबरमध्ये गेटवर आलेला माल धरून मोजायचं.

पण निकाल ३१ ऑक्टोबरला वाचू नका. महिनाअखेरीस आलेल्या मालाची बिलं तेव्हा पास व्हायचीच असतात, आणि अडकलेली नेमकी तीच मोजणीतून गळतात. आकडा फसवा चांगला दिसतो. २० नोव्हेंबरला वाचा, तोवर शेवटच्या मालालाही २० दिवस होतात. पुढे डिसेंबरात जुन्या गोव्याचं फेस्त आणि नाताळ, मग कोणी भेटत नाही.

सांकवाळकरीण

नवीन मसुदा. जमलाय का?

अडचण: एप्रिल-जूनच्या ४० बिलांपैकी १५ ना गेटपासून पास होईपर्यंत २० पेक्षा जास्त दिवस लागले, बहुतेक पीओ आणि बिल न जुळल्याने.
व्याप्ती: वेर्णा, पॅकिंगचा माल व फास्टनर, गेट इनवर्ड ते बिल पास. पेमेंट, दर ठरवणे, सेवा, सॉफ्टवेअर व कुंडई बाहेर.
प्रायोजक: फॅक्टरी हेड. सहमती: फायनान्स हेड.
यश: ऑक्टोबरच्या मालाची १० पैकी ९ बिलं २० दिवसांत पास. पुनर्तपासणीच्या १० बिलांत चुकीचा दर शून्य.
टप्पे: ३१ जुलै कारणं, ३१ ऑगस्ट नियम, चतुर्थीनंतर सुरुवात, २० नोव्हेंबर निकाल व कुंडईचा निर्णय.

करार नसलेल्या पुरवठादारांची यादी वेगळी लावतेय. एकच अडलंय. परचेस हेड म्हणतात, "अडचण" या ओळीत आमच्या खात्याकडे बोट आहे, ती बदला.

फोंड्याचा_क्यूए

ओळीत खात्याचं नाव नाही, फक्त पीओ न जुळल्याचं आहे. मी बदलली नसती. ४० बिलांचा तक्ता घेऊन त्यांच्याकडे बसा, त्यातली दोन बिलं त्यांनाच तपासायला द्या.

तिसवाडीकर

मी असतो तर शब्द बदलून सही घेतली असती. सही महत्त्वाची. आणि प्रायोजक मी अजूनही एमडीच लिहिला असता.

कळंगुट_लिनन

चादरींचं कोणीच सांगितलं नाही. पण ही १० पैकी ९ ची पद्धत लॉन्ड्रीच्या फेऱ्यांना लावून बघतो. मोजायचं कुठून, चादर खोलीतून निघाल्यापासून की लॉन्ड्रीच्या गाडीत चढल्यापासून?

फोंड्याचा_क्यूए

कमी भरतात तर आधी दोन्हीकडे मोजा. कुठे कमी होतात ते कळेल, मग आरंभ ठरवा.