लाइव्ह सुरू झालं तरी स्ट्राइक तसाच

‘एक आठवडा झाला, लाइव्ह परत सुरू झालं. म्हणजे स्ट्राइक गेला ना?’

नाही हो. यूट्यूबवर नियम मोडल्याबद्दल लागलेल्या पहिल्या स्ट्राइकची बंदी आठवड्याने उठते, पण स्ट्राइक मिळाल्यापासून ९० दिवस राहतो. समजा, पहिला १ जानेवारीला लागला आणि दुसरा २० मार्चला. आता अपलोड, लाइव्ह दोन आठवडे बंद. १ एप्रिलला पहिला गळतो, दुसरा मात्र १८ जूनपर्यंत राहतो. पहिला गळायच्या आत तिसरा आला, तर चॅनेलच जातं.

व्हिडिओ घाईने डिलीट करू नका, त्याने स्ट्राइक जात नाही. निर्णय चुकीचा वाटला तर यूट्यूब स्टुडिओतून अपील करा. आणि बंदीत दुसऱ्या चॅनेलवरून लाइव्ह जाणं अजिबात नको. तोही नियमभंगच धरतात.